गाडीचं मीटर बदलल्यावर त्यातले सगळे दिवे परत चेक करायचे का?

"मीटर जळालं म्हणून जुन्या बाजारातून दुसरं बसवलं. काटे बरोबर चालायलेत, मग अजून काय चेक करायचं?"

भाऊ, काटे नंतर, आधी दिवे बघा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एअरबॅग असेल तर तो पण, सगळे पेटलेच पाहिजेत. जो पेटत नाही तो "फॉल्ट नाही" म्हणून बंद नाही, तो मेलाय. हँडब्रेक ओढून बघा, ब्रेक ऑइलच्या डब्यातला फ्लोट खाली दाबून बघा.

आमच्याकडं परभणीत एक जुनी डिझेल जीप आली होती, मीटर रिपेअर करून आणलेलं, बॅटरीचा दिवा पेटतच नव्हता आणि मालक खुश. पण अशा जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच जातो, दिवा गेला की चार्जिंग उठत नाही, रात्री नांदेड रोडला हेडलाइट पिवळे पडत गेले तेव्हा कळलं. नवा बल्ब टाकला, मल्टिमीटरवर 12.1 चे 14.2 व्होल्ट झाले, बस एवढंच होतं.

ऑइलचा दिवा चावी ऑनला पेटला नाही तर प्रेशर स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. पेटला तर स्विच खराब, नाही तर बल्ब नाहीतर वायरिंग. नव्या गाड्यांत हे करू नका, तिथं स्कॅनर लावा.

आणि जुनं मीटर दुसऱ्याचे किलोमीटर घेऊन येतं, सर्व्हिसची आठवण पण बऱ्याचदा त्याच्याच हिशोबानं. खरं रीडिंग बिलावर लिहून घ्या, सर्व्हिस रिसेट करून पुढची तारीख आणि किलोमीटर स्क्रीनवर काय येतंय ते डोळ्यानं बघा.