डीकल 'स्ट्रेच' होणं: ताण की फराटे?

प्रश्न: "गेमच्या लेव्हलमधे भिंतीवर गोळीची भोकं आणि मळाचे डाग डीकल म्हणून प्रोजेक्ट करतो, ते गोल खांबावर आणि कोपऱ्यावर स्ट्रेच होतात. मराठीत लिहिताना याला ताणणं म्हणू की ओघळणं? आणि ते थांबवायचं कसं?"

ओघळणं तर नकोच, कारण मळाच्या डागांत खरोखरचे ओघळ असतात, पावसाचं पाणी खिडकीखालून काळं उतरतं ते, मग वाचणाऱ्याला कळणार नाही की टेक्श्चरमधला ओघळ म्हणताय का बिघाड. मी दोन शब्द वापरतो, ताण आणि फराटे, कारण स्ट्रेच म्हणून आपण दोन वेगळ्या भानगडी एकत्र बांधतो आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

मूळ गणित एकच. प्रोजेक्टर म्हणजे एक खोका, त्याच्या आत जो पृष्ठभाग येईल त्यावर चित्र सरळ एका दिशेत टाकलं जातं. पृष्ठभाग त्या दिशेला जितका तिरका तितकं चित्र लांबतं, नेमकं म्हणजे 1/cos θ पट. 60 अंशाला दुप्पट, 80 ला पावणेसहा पट, आणि 90 ला तर चित्रातली पिक्सेलची एकच ओळ खोक्याच्या सगळ्या खोलीभर ओढली जाते. हे शेवटचं म्हणजे फराटे, त्याआधीचं लांबणं तो ताण. ओळखायची खूण सोपी, रेघा अगदी समांतर असतात आणि प्रोजेक्टरच्या दिशेत धावतात, खरा ओघळ मात्र खाली जातो आणि वाकडातिकडा असतो.

आता खांब घ्या, त्रिज्या 20 सेंमी. त्यावर 4 सेंमीचं गोळीचं भोक टाकलं तर कडेला कोन जेमतेम 6 अंश, ताण अर्धा टक्का, कुणाला दिसणार पण नाही. तोच 30 सेंमी रुंदीचा मळाचा डाग टाका, कडेला कोन 48-49 अंशावर जातो आणि चित्र दीडपट लांबतं, शिवाय खांब वळून मागे जातो त्यामुळे कडा मधल्यापेक्षा जवळजवळ 7 सेंमी आत असते, म्हणजे खोका तेवढा खोल नसेल तर डाग कडेला सरळ कापला जातो. लोक मग खोली वाढवत बसतात आणि डाग मागच्या कपाटावर जाऊन उतरतो.

इथे इलाज म्हणजे डाग तोडणं. त्याच पट्ट्यात तीन प्रोजेक्टर खांबाभोवती 32-32 अंशांनी फिरवून लावा, प्रत्येकाला सव्वाअकरा सेंमी रुंदी पुरते, ताण 4 टक्क्यांवर येतो आणि वळणासाठी लागणारी खोली 7 सेंमीवरून सेंटिमीटरच्या आत येते. कडा थोड्या एकमेकांवर येऊ द्या आणि विरळ ठेवा, नाहीतर जोडावर मळ दुप्पट काळा दिसतो. डाग कायमचा असेल तर मी प्रोजेक्टर सोडून त्या जागेचा मेश कापून त्यालाच वेगळे यूव्ही देतो, पण गोळीला ते चालत नाही, ती खेळताना कुठेही लागते.

गोळीची अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते, प्रोजेक्टर गोळीच्या दिशेत वळवलेला असतो. भिंतीच्या काटकोनापासून 70 अंश तिरकी लागलेली गोळी मग 4 सेंमीचं भोक जवळजवळ 12 सेंमी लांब करते. तिथे लागल्या जागेचा नॉर्मल घ्या आणि प्रोजेक्टर त्याला धरून उभा करा. (तिरक्या गोळीची खरी खूण लांबट असते हे बरोबर, पण त्यासाठी वेगळं टेक्श्चर ठेवा ना.)

फराट्यांना मात्र प्रोजेक्टर वळवून फरक पडत नाही. भोक कोपऱ्यापासून 1 सेंमीवर असेल तर खोका बाजूच्या भिंतीवर घुसणारच, तिथे ती बाजू विझवायची:

```
float d = dot(N, -projDir);
float fade = smoothstep(0.35, 0.6, d);
```

म्हणजे 53 अंशांपर्यंत डाग पूर्ण, 70 च्या आसपास गायब. युनिटीत हेच काम `Angle Fade` करतं. खांबाच्या डागाला याचा उपयोग नाही हे लक्षात आलं असेल, तिथे `d` 0.66 च्या खाली जातच नाही, दीडपट ताण जसाच्या तसा राहतो.

एक गोची मात्र आहे, `N` कुठून घेता. जीबफरमधला नॉर्मल घेतला तर त्यात नॉर्मल मॅप मिसळलेला असतो, मग विटांच्या भिंतीवर प्रत्येक सांध्यात डाग विझतो आणि भोक चाळणीसारखं दिसतं. त्यापेक्षा डेप्थमधून काढलेल्या जागेवरून नॉर्मल काढा, `cross(ddx(p), ddy(p))`, चिन्ह उलटं आलं तर क्रम बदला. वस्तूंच्या कडांवर हा चुकतो, तिथे एखाद्या पिक्सेलची झालर दिसते, पण चाळणीपेक्षा ती परवडली.