भाच्यासाठी गेम घेताना डब्यावरचा आकडा पुरत नाही

प्रश्न: भाचा १० वर्षांचा, घरी पीएस४ आहे. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो स्पायडरमॅन न्या, सगळी पोरं खेळतात, नाहीतर फुटबॉलचा एफसी २४. डब्यावर कुठे टी, कुठे १६. कोणता घेऊ?

दोन्ही नको, पण कारणं वेगळी.

आधी ते टी आणि १६. आपल्याकडे अमेरिकेच्या ईएसआरबीचे आणि युरोपच्या पेगीचे असे दोन्ही वयाच्या रेटिंगचे शिक्के दिसतात. २०१८चा मार्व्हल्स स्पायडरमॅन ईएसआरबीत टी, म्हणजे १३ आणि वर, आणि पेगीत थेट १६. गेम तोच, मोजपट्टी वेगळी. माणसांवरची मारामारी खरी वाटण्याइतकी दिसली की पेगी १६ला नेतं, ईएसआरबी मात्र टीमध्ये मारामारी आणि थोडं रक्त चालवून घेतं. म्हणून दोन शिक्के जुळले नाहीत तर मी मोठा आकडा धरतो. आणि इथे तर छोटा धरला तरी पोरगा तीन वर्षं अलीकडेच आहे, त्यामुळे दुकानदाराचं "सगळी पोरं खेळतात" सोडून द्या, तो माल खपवतोय.

एफसी २४ची गंमत उलटी आहे. ईएसआरबीत ई, म्हणजे सगळ्यांसाठी, पेगीत ३, बघून वाटतं एकदम सेफ. पण आकडा फक्त गेममध्ये काय दिसतं ते सांगतो, पैशांचं काही सांगत नाही. त्यासाठी डबा उलटा करा, मागे रेटिंगच्या चौकटीत बारीक अक्षरात 'इन-गेम पर्चेसेस' आणि पुढे 'इन्क्लूड्स रँडम आयटम्स' असतं. म्हणजे पैसे भरून पॅक उघडायचा आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. शाळेतल्या मित्राकडे भारी खेळाडू आला की हट्ट सुरू, आणि बहिणीचं कार्ड पीएस४च्या अकाउंटला जोडलेलं असेल तर संपलंच. 'युझर्स इंटरॅक्ट' लिहिलेलं असेल तर ऑनलाइन अनोळखी लोकांशी संबंध येऊ शकतो, आणि तिथे कोण काय बोलेल ते रेटिंगमध्ये मोजलेलंच नसतं.

मी असतो तर लेगो मार्व्हल सुपर हिरोज २ घेतला असता. ई१०+, म्हणजे १० आणि वर, पेगी ७. स्पायडरमॅन त्यातही आहे, मार लागला की कॅरेक्टरच्या विटा सांडतात, रक्त नाही. एका टीव्हीवर दोघांना खेळता येतं, म्हणजे मामाही बसू शकतो (हरायची तयारी ठेवा).

एक मात्र बघा, गेम किती अवघड आहे हे रेटिंग सांगत नाही. कपहेड नावाचा गेमही ई१०+च आहे आणि मोठी माणसंसुद्धा त्यात रडतात. म्हणून घेण्याआधी यूट्यूबवर पंधरा मिनिटं गेमप्ले बघा, आणि esrb.org वर नाव टाकून रेटिंग समरी वाचा, कोणत्या सीनमुळे काय लिहिलंय ते तिथे साध्या भाषेत असतं.

आणि बहिणीला विचारा, पोराचं अकाउंट चाइल्ड अकाउंट आहे का. असेल तर प्लेस्टेशनच्या फॅमिली मॅनेजमेंटमध्ये महिन्याची खर्चाची मर्यादा शून्य ठेवायला सांगा, मग पुढेमागे त्याने एफसी मिळवलाच तरी पॅक विकत घेता येणार नाहीत.