तीन पाळ्या आणि क्रिएटिनचा एक डोस

"वाळूजला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. तीन महिने झाले क्रिएटिन घ्यायलोय, फरक काहीच नाही. जिमवाले म्हणतात व्यायामाच्या अर्ध्या तासाआधीच घ्यायचं. नाइटच्या आठवड्यात जिमच धड होत नाही, वरून झोपही उडाली. मग हे रोज नेमकं घ्यायचं किती वाजता?"

घड्याळ बाजूला ठेवा. झोपून उठल्यावर जे पहिलं पोटभर जेवण होतं, त्याच्यासोबत घ्या. मग ते जेवण सकाळी साडेदहाला होवो की संध्याकाळी चारला.

क्रिएटिन ही व्यायामात ताकद वाढावी म्हणून घेतात ती पूड, आणि असं सांगण्याचं कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. चहा किंवा कॉफी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात तरतरी येते, क्रिएटिनचं तसं नाही. ते स्नायूंत साठत जातं आणि व्यायामात उपयोगी पडतो तो हा साठा. आज घेतलेला चमचा आजच कामाला येत नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सगळं मिळून साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं बहुतेक स्नायूंत. रोज त्यातलं सुमारे २ ग्रॅम क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ बनून लघवीवाटे निघून जातं. शरीर स्वतः साधारण १ ग्रॅम तयार करतं, उरलेलं मांस-मासळीतून यायला हवं. हे गृहस्थ माळकरी, घरात अंडंही नाही. म्हणजे वरची भरपाई जेवणातून जवळपास शून्य. अशा माणसाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असतो, त्यामुळे नियमित घेतलं तर फरक त्याला उलट जास्त जाणवायला हवा.

मग तीन महिन्यांत का जाणवला नाही? त्यांना डबा आणि शिफ्टचा तक्ता दोन्ही घेऊन यायला सांगितलं. डब्यातला चमचा सपाट भरून सराफाकडे असतो तशा छोट्या काट्यावर ठेवला, तर ३ ग्रॅम भरला. ते मात्र व्हिडिओत ऐकून तोच चमचा ५ ग्रॅमचा धरून चालले होते. त्यात डोस जिमला बांधलेला. फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात जिम पाच दिवस, नाइटच्या आठवड्यात जेमतेम तीन. म्हणजे नाइटच्या आठवड्यात पोटात गेले ९ ग्रॅम, दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास. शरीराचा १ ग्रॅम धरला तर रोजची तूट तेवढी भागली, साठा वाढायला काही उरलंच नाही. गळक्या टाकीत गळतीइतकंच पाणी सोडल्यासारखं झालं. बाकीच्या दोन आठवड्यांत थोडं चढायचं आणि नाइट आली की पुन्हा तिथंच थांबायचं.

व्यायामाआधी की व्यायामानंतर यावर जिममध्ये तासन्‌तास वाद चालतात. त्यातला फरक असलाच तर किरकोळ आहे. डोस चुकण्याचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. दिवसपाळीवाल्याचं जिम रोज ठरल्या वेळी असतं, म्हणून त्याला "जिमच्या आधी" हा नियम सोयीचा पडतो. फिरत्या पाळीवाल्याला तोच नियम गोत्यात आणतो.

आता जेवणाला बांधायचं म्हणजे प्रत्यक्षात कसं, ते त्यांच्याच तीन आठवड्यांवर बसवून पाहिलं. फर्स्ट शिफ्टला ते साडेपाचला उठतात, सव्वासहाची बस पकडतात. तेव्हा पोटात फक्त चहा. तिथं डोस ठेवला तर घाईत हमखास राहणार. म्हणून कँटीनमधलं साडेदहाचं जेवण धरलं आणि पूड पुडीत बांधून डब्यासोबत न्यायची ठरवली. सेकंडला नऊच्या सुमारास उठणं, बाराला घरी भाकरी-वरण, मग दोनला निघणं. डोस बाराच्या जेवणासोबत. नाइटला सकाळी सातला सुटून साडेआठला झोप, तीन-साडेतीनला जाग, चारला जेवण. डोस चारला. वेळा साडेदहा, बारा आणि चार अशा वेगवेगळ्या, पण खूण एकच. जेवणासोबत घेतल्याने पोटही बिघडत नाही आणि स्नायूंत शिरायला थोडी मदतच होते.

अडचण येते पाळी बदलताना. सेकंडवरून नाइटवर जाताना सोमवारी ते सकाळी आठला उठतात, अकराला जेवतात, डोस घेतात. मग संध्याकाळी सहा ते नऊ डुलकी काढून पुन्हा जेवतात आणि कामावर जातात. त्यांचा प्रश्न होता, "हे पण उठल्यावरचं जेवणच ना?" नाही. डुलकी मोजायची नाही, दिवसातली सगळ्यात लांब झोप मोजायची. पुढचा डोस मंगळवारी दुपारची झोप झाल्यावर चारला. मधे २९ तास जातात, जाऊ द्यात. उलट नाइट संपवून फर्स्टवर येताना रविवारी दुपारी बाराला उठून जेवताना एक आणि सोमवारी साडेदहाला दुसरा, म्हणजे साधारण २२ तासांनीच. तेही चालतं. सव्वाशे ग्रॅमच्या साठ्यापुढे चार-पाच तासांच्या मागेपुढेने काही हलत नाही. एखादा डोस पूर्ण चुकला तरी साठ्यातलं दीड-दोन टक्केच कमी होतं. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करत बसू नये. दोन्ही एकदम घेतले तर धोका नाही, पण पोट गुडगुडतं, काहींना जुलाब होतात.

नाइटवाल्यांचा आणखी एक घोळ असतो तो तारखेचा. रात्री बारानंतर तारीख बदलते, माणूस मात्र अजून कालच्याच दिवसात असतो. मोबाइलवर खूण करणाऱ्यांचं "आज घेतलं का?" इथंच चुकतं. आम्ही सुचवतो ते सोपं आहे. साप्ताहिक सुट्टीला सात पुड्या बांधायच्या, काट्यावर तोलून प्रत्येकी ३ ते ५ ग्रॅम. यांच्यासाठी ५ ठरवले, कारण वजन ७८ किलो आणि मांसाहार नाही. पुढच्या सुट्टीला डबीत किती पुड्या उरल्या ते पाहायचं. एखादी उरली तर हरकत नाही. तीन उरल्या तर निवडलेलं जेवण तुमच्या आठवड्यात बसत नाही, असं समजून दुसरं जेवण निवडायचं. उरलेली पूड परत डब्यात टाकायची, एका दमात संपवायची नाही.

पूड कोरडीच न्यायची, हे मुद्दाम सांगावं लागलं. हे गृहस्थ जिम करायचं असेल त्या नाइटला निघताना घरूनच लिंबूपाण्याच्या बाटलीत क्रिएटिन घोळवून न्यायचे आणि पाळीभर घोट घोट घ्यायचे. कोरड्या डब्यात क्रिएटिन वर्षानुवर्षं टिकतं, पण पाण्यात विरघळल्यावर हळूहळू क्रिएटिनिनमध्ये मोडायला लागतं. पाणी आंबट आणि हवा गरम असेल तर आणखी लवकर. मे महिन्यात शॉपफ्लोअरवर ठेवलेल्या बाटलीत दोन्ही गोष्टी असतात. कालवायचं आणि लगेच प्यायचं, मग ते ताकात असलं तरी चालेल. ५ ग्रॅम पूर्ण विरघळायला साध्या पाण्याचे दीड-दोन ग्लास लागतात, कोमट असेल तर एक पुरतो. फ्रिजच्या पाण्यात ते तळाशी रेतीसारखं बसतं. मग माणूस वरचं पाणी पितो आणि निम्मी पूड नळाखाली जाते. ग्लास थोड्या पाण्याने खळबळून तेही पिऊन टाकायचं. पावसाळ्यात पुडीत गुठळी झाली तर ती फक्त ओल असते, फोडून वापरावी.

एकदम २० ग्रॅम घेऊन आठवड्यात साठा भरायची पद्धतही आहे, दिवसातून चार वेळा ५-५ ग्रॅम. झोपेचंच ठिकाण नसलेल्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. रोज ३ ग्रॅम नियमित घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत साठा त्याच पातळीला जातो. वजन किलोभर वाढेल. ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं.

आता झोपेबद्दल. झोप उडायला क्रिएटिन कारणीभूत असल्याची शंका होती, पण ते उत्तेजक नाही. खरा कारभार नाइट सुटल्यावरच्या जिमचा होता. सकाळी साडेसातला तिथं ते वेगळ्या डब्यातलं प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती पूड, घ्यायचे. लेबल वाचलं तर एका चमच्यात २०० मिलिग्रॅम कॅफिन. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दुपारी साडेबारालाही अर्धं अंगात. त्यावर लिटरभर पाणी, मग दोनदा लघवीला उठणं, आणि पत्र्याच्या खोलीत उकाडा. प्री-वर्कआउट बंद केलं आणि नाइटच्या आठवड्यात जिम संध्याकाळी साडेपाचला, जेवणानंतर दीड तासाने ठेवलं. क्रिएटिन तसंच चालू राहिलं आणि झोप सलग लागायला लागली.

आणखी एक विचारणा हल्ली सारखी येते: जागरण असेल तेव्हा क्रिएटिन जास्त घेतलं तर डोकं ताजं राहतं का? २०२४ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात १५ जणांना रात्रभर जागं ठेवून वजनाच्या किलोमागे ०.३५ ग्रॅम असा एकच मोठा डोस दिला होता आणि डोक्याच्या काही चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारली होती. ७८ किलोच्या माणसाला ते २७ ग्रॅम होतात. प्रयोगशाळेतली ती एक रात्र होती. दर तीन आठवड्यांनी सहा-सात नाइट करणाऱ्याने त्याची नक्कल केली तर आधी पोट तक्रार करेल. शिवाय प्रेसवर बोटं घालायच्या कामात "आज क्रिएटिन घेतलंय" असा भरवसा धरणं धोक्याचं आहे.

राहिली कंपनीची वार्षिक तपासणी. क्रिएटिन घेणाऱ्याचं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, कारण ते क्रिएटिनचाच मोडून झालेला पदार्थ आहे. किडनीचं काम याच आकड्यावरून पाहतात, म्हणून रिपोर्टवर लाल खूण पाहून घरचे घाबरतात, तर जिमवाले "ते तर वाढतंच" म्हणून उडवून लावतात. दोन्हींत अर्थ नाही. रक्त देतानाच डॉक्टरांना सांगायचं की क्रिएटिन चालू आहे, किती आणि कधीपासून. आकडा वर आला तर ते लघवीतलं प्रोटीन आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं दुसरं प्रोटीन, सिस्टॅटिन-सी, तपासू शकतात. सिस्टॅटिन-सीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. नाहीतर काही आठवडे बंद ठेवून पुन्हा रक्त तपासतात. ज्यांना आधीच किडनीचा आजार आहे, वा शुगर-बीपीमुळे किडनीवर परिणाम झाला आहे, त्यांनी पहिली पुडी बांधण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं.