स्टॅकमधून आधी निघालेला आकडा डावा की उजवा?

अरे, स्टॅकने पोस्टफिक्स सोडवताना उत्तर उणे येतंय म्हणजे पॉप केल्यावर डावं-उजवं उलटं झालंय तुझं. पोस्टफिक्स `8 3 - 2 *` घे, 8 पुश, 3 पुश, मग `-` आलं की आधी निघतो 3, तो उजवा, नंतरचा 8 डावा, म्हणून 5 पुश कर, मग 2 आणि `*`, उत्तर 10. उलटं केलंस तर -10. `+` आणि `*` वर ही चूक दिसतच नाही, त्यामुळे टेस्ट नेहमी वजाबाकी-भागाकारावर करायची.

प्रीफिक्स `* - 8 3 2` उजवीकडून वाचायचं, तिथे मात्र आधी निघालेला डावा.

`8 - 3 - 2` सारख्या साध्या लिखाणातून ट्री बनवायची तर दोन स्टॅक ठेव, एक ऑपरेटरचा, एक नोडचा. आकडा आला की नोड करून पुश. नवा ऑपरेटर आला की वरच्या ऑपरेटरची प्रायॉरिटी जास्त *किंवा सारखी* असेपर्यंत तो काढ, दोन नोड पॉप करून त्याला जोड (पहिला उजवा!) आणि तो नोड परत पुश कर, उघडता कंस दिसला की थांब, मग नवा ऑपरेटर पुश कर. उघडता कंस आला की सरळ पुश, बंद कंस आला की त्या कंसापर्यंत सगळं काढ आणि तो कंसही टाक, शेवटी उरलेलेही असेच काढ. ते "सारखी" विसरलास तर `8 - 3 - 2` चं 3 ऐवजी 7 येतं. घातांकाला फक्त उलटं, तिथे सारखी असेल तर काढायचं नाही.