नोटिशीच्या तीन तारखा आणि उत्तराची मुदत

तुम्हाला आलेली जीएसटीची कारणे दाखवा नोटीस पोर्टलवर 3 मार्चला चढवली गेली, ईमेल 6 मार्चला आला आणि स्पीड पोस्टचे पाकीट 11 मार्चला हाती पडले, म्हणून मुदत 11 तारखेपासून धरावी, असे तुम्ही म्हणता. मी तसे करणार नाही. कायद्याच्या कलम 169 मध्ये हे तिन्ही मार्ग एकमेकांना पर्याय म्हणून दिलेले आहेत, त्यामुळे खाते पहिल्या मार्गाची तारीख धरणार, असे गृहीत धरावे.

आधी नोटिशीत उत्तरासाठी ठरावीक तारीख छापली आहे का, ते पाहा. असल्यास तीच पाळा. नुसते ‘नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस’ असेल, तर मिळाल्याचा दिवस वगळून 4 मार्च हा पहिला दिवस धरावा, म्हणजे तिसावा दिवस 2 एप्रिलला येतो. पाकिटावरून मोजल्यास 10 एप्रिल येतो, आणि हे मधले आठ दिवस म्हणजेच खरा धोका.

केवळ पोर्टलवर चढवणे पुरेसे आहे का, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून पाकीट, त्यावरचा शिक्का आणि ट्रॅकिंगची नोंद जपून ठेवा, पण ती उशीर झालाच तर बचावासाठी. उत्तर मात्र 2 एप्रिलच्या आतच दाखल करा. नोटीस कधीकधी पोर्टलवरच्या ‘अतिरिक्त नोटिसा’ या वेगळ्या विभागात दडलेली असते (हे मला फार उशिरा कळले), तेव्हा तोही उघडून पाहा.