तिमाही कुणाची? जानेवारीची की एप्रिलची

प्रश्न : मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. एक्सेलमध्ये बिलांच्या तारखांचा रकाना आहे. त्यापुढं दोन रकाने हवेत, एकात जानेवारी-डिसेंबरप्रमाणे तिमाही आणि दुसऱ्यात एप्रिल-मार्चप्रमाणे. मालकांचं म्हणणं, मथळे आणि नावं मराठीत पाहिजेत. 'तिमाही' लिहू की 'त्रैमासिक'? आणि दोन्हींत गोंधळ होणार नाही असं थोडक्यात काय लिहावं?

उत्तर : 'तिमाही' लिहा. तीन महिन्यांचा काळ म्हणजे तिमाही आणि त्या काळाने घडणारं किंवा निघणारं ते त्रैमासिक. विवरणपत्र त्रैमासिक असतं, बैठक त्रैमासिक असते, पण ते विवरणपत्र एका तिमाहीचं असतं. शिवाय नुसतं 'त्रैमासिक' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढं आधी नियतकालिक येतं. 'तिमाही निकाल' असा विशेषणासारखा वापरही रुळलेला आहे, त्याला चूक म्हणवत नाही. तुम्हाला मात्र रकान्यात काळाचं नाव हवंय, म्हणजे नामच हवं. अनेकवचन 'तिमाह्या', विभक्तीत 'तिमाहीला', 'तिमाह्यांचा'.

शब्द मिश्र घराण्याचा आहे. 'ति' आपला घरचा, तिठा, तिपेडी, तिमजलीमधला. 'माही' फारसी 'माह' म्हणजे महिना यावरून आलेला. पगारपत्रकावर 'माहे एप्रिल' असतं त्यातलं 'माहे' हेच, आणि शाळेतली सहामाहीही याच कुळातली. (फारसीत माही म्हणजे मासाही होतो, पण तो आपल्या हिशेबात नको.)

आता खरी मेख. इंग्रजी 'क्वार्टर' हा शब्द वर्षाचे भाग मोजतो, चौथा हिस्सा म्हणून क्वार्टर. आपली तिमाही महिने मोजते. त्यामुळेच काही जण क्वार्टरचं 'चौमाही' करून बसतात आणि वर्षाच्या चार तुकड्यांऐवजी चार महिन्यांचे तुकडे पाडतात. पण महिने मोजणाऱ्या शब्दात एक गोष्ट मुळातच नसते, ती म्हणजे हे कुठल्या वर्षातले तीन महिने. 'पहिली तिमाही' म्हटलं की पहिली कुणापासून, हे ऐकणारा आपापल्या वर्षावरून ठरवतो. टीडीएस भरणाऱ्याची पहिली तिमाही एप्रिलला सुरू होते. साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, तेव्हा कारखान्यावरच्या माणसाची ऑक्टोबरला. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणजे तलाठी कार्यालयाची आणखी वेगळी. आणि पाडव्याला गुळाचा सौदा काढून खातं उघडणाऱ्या व्यापाऱ्याला विचारलंत तर तो दिवाळीपासून मोजेल. एकट्या कोल्हापुरात एवढ्या 'पहिल्या' नांदतात.

याचा चटका मी स्वतः खाल्लाय. कास्टिंगच्या एका कारखान्यात होतो, तिथं परदेशी गिऱ्हाइकानं 'पहिल्या तिमाहीचा' माल मागितला. त्याची पहिली जानेवारीची होती, आम्ही निवांत एप्रिलची धरून बसलो. फेब्रुवारीत त्याचा फोन आला तेव्हा साचेसुद्धा तयार नव्हते.

बोलताना यावर मराठीत चांगला उपाय आहेच, आणि तो वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर रोज दिसतो. तिमाहीला क्रमांक न देता ती ज्या महिन्यात संपते त्याचं नाव द्यायचं, म्हणजे 'जून तिमाही', 'मार्च तिमाही' किंवा 'मार्चअखेर तिमाही'. जून २०२४ ची तिमाही कॅलेंडरनं दुसरी असो की आर्थिक वर्षानं पहिली, महिने तेच, एप्रिल ते जून. गिऱ्हाइकाला पत्र लिहाल तेव्हा हेच लिहा.

रकान्यात मात्र हे नाव दगा देतं. एक्सेलनं अकारविल्हे लावलं की क्रम येतो जून, डिसेंबर, मार्च, सप्टेंबर. सप्टेंबर शेवटी जाऊन बसतो. म्हणून लेबलात आधी वर्ष आणि मग क्रमांक हवा, आणि क्रमांक कुठल्या वर्षाचा हे सांगणारी खूण सगळ्यात पुढं. मी `इस2024 ति2` आणि `आव2024-25 ति1` अशी जोडी वापरतो. 'इस' म्हणजे इसवी सन, 'आव' म्हणजे आर्थिक वर्ष. टिंबं मुद्दाम गाळलीत. एकानं 'आ.व.' लिहिलं आणि दुसऱ्यानं 'आव', की बेरजेच्या तक्त्यात एकाच तिमाहीच्या दोन ओळी होतात. अंक इंग्रजी दिसतील, कारण सूत्र तेच देतं. मथळे 'कॅलेंडर तिमाही' आणि 'आर्थिक तिमाही' असे ठेवा. 'दिनदर्शिका तिमाही' असंही करता येईल, पण बोलताना तसं कुणी म्हणत नाही. सरकारी कागदांत 'वित्तीय वर्ष' भेटतं, अर्थ तोच. एकच शब्द धरून सगळीकडं तोच ठेवा, एवढंच.

तारीख A2 मध्ये आहे असं धरू. कॅलेंडर तिमाहीचं सूत्र :

```
=IF(ISNUMBER(A2),"इस"&YEAR(A2)&" ति"&ROUNDUP(MONTH(A2)/3,0),"तारीख?")
```

महिन्याला तीननं भागून वरच्या पूर्णांकावर न्यायचं, बस. आर्थिक तिमाहीसाठी तारीख आधी तीन महिने मागं सरकवायची, म्हणजे एप्रिल जानेवारीच्या जागी येतो, आणि पुढं तीच रीत :

```
=IF(ISNUMBER(A2),"आव"&YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)&" ति"&ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0),"तारीख?")
```

या सरकवण्यात वर्षही आपोआप सुधारतं, आणि सगळी गंमत तिथंच आहे. ३१ मार्च २०२४ तीन महिने मागं गेला की ३१ डिसेंबर २०२३ होतो, म्हणून लेबल `आव2023-24 ति4`. कॅलेंडरनं तो `इस2024 ति1`. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिल २०२४ ला, दोन्ही लेबलं बदलतात: `इस2024 ति2` आणि `आव2024-25 ति1`. आता १५ जानेवारी २०२५ घ्या. `इस2025 ति1`, पण `आव2024-25 ति4`. नेहमीची चूक इथं होते. क्रमांक बरोबर चौथा काढतात आणि वर्ष तारखेतलं तसंच ठेवून '२०२५ ति४' लिहितात. मग ते ऑक्टोबर-डिसेंबर २०२५ च्या कॅलेंडर तिमाहीसारखं दिसायला लागतं. म्हणून आर्थिक वर्ष जोडीनंच लिहावं. आपण बोलतानाही 'चोवीस-पंचवीसचं ऑडिट' म्हणतो, नुसतं 'पंचवीसचं' म्हटलं की समोरचा विचारतोच, कुठलं?

`EDATE` च्या जागी तारखेतून ९० दिवस वजा करायचा मोह होईल. करू नका. ३० जूनमधून ९० दिवस गेले की १ एप्रिल उरतो आणि जूनअखेरची बिलं दुसऱ्या तिमाहीत जातात. `EDATE` महिने मोजतं, दिवस नाही: ३१ मेवरून ते २०२४ साली २९ फेब्रुवारीला थांबतं, मार्चमध्ये सांडत नाही. साखर हंगामाप्रमाणे कधी हवं झालं तर -3 च्या जागी -9 घाला, पुढची खूण बदला. बेरजेच्या तक्त्यात, म्हणजे पिव्होटमध्ये, तारखांचा गट करून `Quarters` निवडलं की येणारे `Qtr1` वगैरे कायम जानेवारीपासूनचे असतात. तुमचा दुसरा रकाना त्यानं होणार नाही.

`ISNUMBER` कशाला, असं वाटेल. एक्सेलमध्ये खरी तारीख आतून संख्या असते. कोरं घर शून्य धरलं जातं आणि शून्याचा महिना जानेवारी निघतो. म्हणजे ही अट नसेल तर बिलाची तारीखच नाही अशी ओळ गुपचूप 'इस1900 ति1' होऊन बसते. (आर्थिक सूत्र निदान `#NUM!` दाखवून ओरडतं तरी.) कोऱ्या घराची परीक्षा तुमच्या अटीत आधीच होते: ते संख्या नसतं, म्हणून तिथं 'तारीख?' उमटतं.

पण 'तारीख?' भरलेल्या घरांपुढं दिसायला लागलं तर नुसती तीच घरं दुरुस्त करू नका. आधी ती कुठल्या दिवसांची आहेत ते बघा. सगळी १३ तारखेपासून पुढची असतील तर संगणक अमेरिकी रीतीनं, महिना आधी, वाचतोय. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली CSV फाईल थेट उघडली की हे होतं. १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो मजकूर राहतो आणि घरात डावीकडं चिकटतो. त्याच्या वरच्या ओळी मात्र उजवीकडं नीट बसलेल्या, दिसायला शहाण्या, पण आतून उलट्या झालेल्या असतात. ०३/०४/२०२४ हा ३ एप्रिल न राहता ४ मार्च होतो आणि बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात, `आव2023-24 ति4` मध्ये जातं. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांत १, २, ३ तारखा चौथ्या तिमाहीत, ७, ८, ९ दुसऱ्या आणि १०, ११, १२ तिसऱ्या तिमाहीत विखुरतात. ४, ५, ६ तेवढ्या पहिल्या तिमाहीत राहतात, त्यातल्या ५ आणि ६ चुकूनच, कारण त्या मे-जूनच्या झालेल्या असतात.

अशा उलटलेल्या तारखा नुसता फॉरमॅट बदलून सुलट होत नाहीत, कारण आतली संख्याच वेगळी झालेली असते. तो रकाना टाकून द्या, विंडोजच्या `Region` मध्ये `English (India)` निवडा आणि मूळ CSV पुन्हा उघडा. मग ३ एप्रिलचं एखादं बिल कागदावर काढून त्याचं लेबल `आव2024-25 ति1` येतंय का, ते जुळवून बघा.