इंडियमचा ऑनसेट आणि एन्थाल्पी दोन्ही सरकलेत, डीएससी लगेच कॅलिब्रेट करावं का?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्यूसीत आहे. डीएससीवर ५.२ मिग्रॅ इंडियम १० अंश प्रति मिनिट वेगाने चालवलं. ऑनसेट १५७.४ आणि एन्थाल्पी २७.४ आली. हेच आकडे टाकून कॅलिब्रेट करून टाकू का?

उत्तर:

आत्ता करू नका. मी सातपूरला याच कामात आहे, आणि हे दोन आकडे एकत्र बघितले की घोटाळा होतो असा माझा अनुभव आहे. इंडियम १५६.६० अंशाला वितळतं आणि त्याची एन्थाल्पी साधारण २८.४५ जूल प्रति ग्रॅम धरतात (तुमच्या प्रमाणपत्रावर थोडा वेगळा आकडा असेल तर तोच धरा). तुमचं तापमान ०.८ अंशाने जास्त आहे, एन्थाल्पी पावणेचार टक्क्यांनी कमी. दोन्हींची कारणं बहुधा वेगवेगळी आहेत.

आधी एन्थाल्पी, कारण ती लवकर सुटते. ५.२ मिग्रॅचे पावणेचार टक्के म्हणजे जेमतेम ०.१९ मिग्रॅ. रिकामा पॅन आणि भरलेला पॅन तुम्ही चार दशांश स्थळांच्या काट्यावर तोलले असतील, तर त्याचा शेवटचा आकडाच ०.१ मिग्रॅचा असतो. दोन वजनांत मिळून एवढी चूक सहज होते. तेच इंडियम मायक्रोबॅलन्सवर पुन्हा तोला. वजन ५.०१ निघालं तर एन्थाल्पी आपोआप २८.४४ होते आणि यंत्राचा काहीच दोष उरत नाही. हे न तपासता २८.४५ भागिले २७.४, म्हणजे १.०३८ हा गुणक यंत्रात टाकला, तर पुढे प्रत्येक नमुन्याची एन्थाल्पी पावणेचार टक्के जास्त दिसत राहील.

वजन बरोबर निघालं, तर बेसलाइन कुठून कुठे ओढलीय ते पाहा. पीक सुरू होण्याच्या बऱ्याच आधी आणि पूर्ण खाली बसल्यावर, सपाट भागात टोकं हवीत. आणि आकडे दुसऱ्या वितळण्याचेच घ्या. पहिल्या वेळी धातू पसरून पॅनच्या तळाला नीट चिकटतो, तोवरचा आलेख भरवशाचा नसतो.

आता तापमान. काट्याच्या चुकीने ऑनसेट हलत नाही. अशुद्धतेनेही तो वर जात नाही, गेला तर खालीच जातो आणि पीकची पुढची बाजू रुंद होते. म्हणून तुमच्या बाबतीत इंडियमच्या शुद्धतेवर शंका घेण्याचं कारण नाही. उरतात दोन शक्यता: सेन्सरचं मोजमापच सरकलंय, किंवा पॅन सेन्सरवर नीट बसलेला नाही. वितळताना इंडियम १५६.६ वर थांबलेलं असतं, पण सेन्सर ठरलेल्या वेगाने पुढे जात असतो. पॅनचा तळ वाकडा असेल तर उष्णता पोचायला उशीर होतो, आणि धातू वितळायला लागेपर्यंत सेन्सर पुढे गेलेला असतो.

यांतलं कोणतं, ते ओळखायला तोच पॅन न हलवता २ अंश प्रति मिनिट वेगाने चालवा. समजा ऑनसेट १५६.८ आला. म्हणजे वेगातल्या ८ अंशांच्या फरकाने तो ०.६ ने बदलला, दर अंशामागे ०.०७५. शून्य वेगापर्यंत मागे गेलं तर १५६.६५ मिळतं, म्हणजे सेन्सर ठीक आहे आणि दोष संपर्कात आहे. अशा वेळी पीकची पुढची बाजूही मागच्या चांगल्या आलेखापेक्षा कमी उभी दिसते. नवा पॅन घ्या, इंडियम चपटं करा, तळ सपाट ठेवून झाकण दाबा. उलट २ च्या वेगालाही १५७.३ आला, तर संपर्क चांगला आहे आणि सेन्सरच सरकलाय. तेव्हा मात्र कॅलिब्रेट करा, आणि ज्या वेगाने, ज्या गॅसवर रोजचे नमुने चालवता त्याच वेगाने आणि गॅसवर. नायट्रोजनवर केलेलं कॅलिब्रेशन हेलियमला चालत नाही. वीज जाऊन आली असेल तर सेल स्थिर होऊ द्या, लगेच सुरू करू नका.

ऑनसेट म्हणजे पुढच्या बाजूची स्पर्शरेषा बेसलाइनला छेदते ते तापमान. पीकचं टोक वापरू नका, ते वजनाने आणि वेगानेही सरकतं.

शेवटी एक मर्यादा. इंडियमने १५७ अंशांच्या आसपासचीच खात्री होते. तुमचं औषध २३० च्या जवळ वितळत असेल तर कथिलाने (२३१.९३) पडताळा. आणखी वर जायचं असेल तर जस्त (४१९.५३) आहे, पण ते वितळल्यावर ॲल्युमिनियमच्या पॅनशी मिश्रधातू बनवतं. म्हणून जस्ताचा पॅन दुसऱ्यांदा वापरू नका आणि वितळल्यावर तापमान फार वर नेऊ नका.